एकच गिअर पुरतो कसा

प्रश्न : पेट्रोल गाडीला पाच-सहा गिअर लागतात, मग इलेक्ट्रिक गाडीचं एकाच गिअरवर कसं भागतं?

इलेक्ट्रिक गाडीचा गिअर पेट्रोल गाडीत बसवून बघितला, की याचं उत्तर दिसतं. मला हे असंच समजलं, म्हणून त्याच वाटेने जातो.

आधी चाकाचा हिशोब. साधारण मोटारीचं चाक एका फेऱ्यात सुमारे 2 मीटर पुढे जातं. म्हणजे ताशी 10 किलोमीटरला चाक मिनिटाला जेमतेम 83 फेरे घेतं आणि ताशी 100 ला 833. चाकाची गरज एवढीच. हे फेरे पुरवायचे आणि त्यासोबत चाक फिरवायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, द्यायचा.

आता 2010 साली आलेली पहिली निसान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी घ्या. तिची मोटर चाकापेक्षा जवळपास 8 पट वेगाने फिरते. हा 8 चा आकडा कायमचा, बदलता येत नाही. तोच गिअर 1.2 लिटरच्या एखाद्या पेट्रोल गाडीत बसवला असं धरू. ताशी 100 ला इंजिन मिनिटाला 6,600 च्या वर फेरे घेईल, म्हणजे बहुतेक इंजिनांच्या लाल रेषेपाशी किंवा तिच्याही पलीकडे. हायवेवर तासभर असं कोण चालवेल? उलट्या टोकाला, ताशी 15 च्या खाली इंजिनाचे फेरे हजाराच्या आत येतील. तिथे इंजिन धडधडायला लागतं आणि आणखी खाली गेलं की बंद पडतं. त्यामुळे जागेवरून निघताना दरवेळी ताशी 15 पर्यंत क्लच अर्धवट दाबून घासत न्यावं लागेल. शिवाय 110 न्यूटन-मीटरच्या इंजिनाचा जोर 8 ने गुणला तर चाकाला 880 च मिळतात. खऱ्या गाडीचा पहिला गिअर डिफरन्शियल धरून 14 पटींच्या आसपास असतो, तो 1,540 देतो. चढावर थांबलेली भरलेली गाडी 880 वर उचलणं फार कठीण.

दोष इंजिनाच्या स्वभावात आहे. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा, हे चक्र इंजिन आधीच फिरत असेल तरच चालू राहतं. थांबलेल्या इंजिनाचा जोर शून्य. तिसऱ्या गिअरवर गाडी उचलायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही तो हिसका आठवेल: क्लच सोडला की पूर्ण गाडी थरथरते आणि गप्प होते. इंजिनाला सुखाने काम करायला साधारण 1,500 ते 6,000 फेऱ्यांचा पट्टा मिळतो, म्हणजे खालच्या टोकाच्या चौपट. चाकाला तर ताशी 5 पासून 150 पर्यंत, म्हणजे 30 पट पसारा हवा. चौपट पट्ट्याने तिसपट पसारा झाकायचा, तर तो पट्टा पुन्हा पुन्हा सरकवत न्यावा लागतो. गिअरबॉक्स तेच करतो.

मोटरला हा अडथळाच नाही. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, गुंडाळ्यांत करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, जोर लागतो, मग तो फिरत असो वा जागेवर उभा असो. लीफची मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण 280 न्यूटन-मीटर देते. 8 ने गुणा, चाकाला सुमारे 2,200 मिळतात. पेट्रोल गाडीच्या पहिल्या गिअरपेक्षा जास्तच, आणि क्लच नाही. मागे जायचं तर इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला हवा तसा करून देणारा भाग, मोटरला उलटी फिरवतो, म्हणून रिव्हर्सचा वेगळा गिअरही लागत नाही.

इथपर्यंतचं उत्तर बरेच जण देतात. पण ते अर्धं आहे, आणि मला राहिलेला अर्धा भाग जास्त आवडतो. सुरुवातीचा जोर मिळाला, तरी वरच्या वेगाचं काय? मोटर जशी जोरात फिरते तशी ती स्वतःच जनरेटरसारखा उलटा व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. तो बॅटरीच्या व्होल्टेजजवळ पोचला की आत करंट ढकलता येत नाही. लीफमध्ये पूर्ण जोर सुमारे 2,700 फेऱ्यांपर्यंत टिकतो, म्हणजे ताशी 40 च्या थोडं पुढे. एवढ्यावरच थांबलं असतं तर दुसरा गिअर लागलाच असता.

त्यावरचा उपाय इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो करंटचा काही भाग अशा दिशेने वळवतो, की रोटरच्या चुंबकांचं क्षेत्र अंशतः दाबलं जातं. उलटा व्होल्टेज आटोक्यात राहतो आणि मोटर 10,000 फेऱ्यांच्या आसपासपर्यंत फिरू शकते. याला फील्ड वीकनिंग म्हणतात. बदल्यात जोर कमी होतो, पण वेग वाढतो त्याच प्रमाणात; शक्ती 80 किलोवॅटवर जवळपास कायम राहते. ताशी 100 ला मोटरचा जोर 280 वरून सुमारे 115 वर येतो.

आता पेट्रोल गाडी आठवा. पहिल्या गिअरला चाकाला भरपूर जोर आणि कमी वेग, पाचव्याला कमी जोर आणि जास्त वेग. पाचही गिअरच्या जोराचे आलेख एकावर एक काढले तर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी रेषा दिसते. मोटर तीच उतरण पायऱ्यांशिवाय, एका सलग रेषेत काढते. गिअरबॉक्सचं काम संपत नाही, ते मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतं. हे चालवतानाही जाणवतं. ताशी 30 ला ॲक्सिलरेटर दाबला तर पाठ सीटला चिकटते; 100 ला तोच पाय तेवढाच दाबला तर ढकल बरीच सौम्य असते.

या सोयीला मर्यादा आहेत. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर रोटर थांबलेला असतो, गुंडाळ्यांच्या एकाच संचातून आणि त्याच्या इन्व्हर्टरमधल्या स्विचांतून सतत मोठा करंट जातो आणि ते तापतात. मग कंट्रोलर जोर कमी करतो. तिथे ब्रेकच वापरावा. दुसरी मर्यादा टोकाच्या गाड्यांची: झपाट्याने सुटायचंही आहे आणि खूप वरचा वेगही हवा, तर एकच गुणोत्तर तोकडं पडतं. पोर्शे टायकानच्या मागच्या मोटरला म्हणून दोन गिअर आहेत, पहिला साधारण 16 पट आणि दुसरा 8 पट. टेस्लानेही पहिल्या रोडस्टरसाठी दोन गिअर योजले होते, पण ते गिअरबॉक्स मोटरच्या तात्काळ धक्क्यापुढे टिकेनात. 2008 च्या सुरुवातीच्या गाड्या कायम दुसऱ्या क्रमांकाच्या गिअरमध्ये अडकवून दिल्या गेल्या. नंतर त्यांनी इन्व्हर्टर आणि मोटर जास्त ताकदीचे केले आणि एकाच गिअरवर आले. तुमच्या-आमच्या वापराच्या गाड्यांत हिशोब तसाच बसतो: दुसरा गिअर, त्याचा क्लच आणि वजन यांपेक्षा इन्व्हर्टरमधून थोडा जास्त करंट काढणं सोपं आणि टिकाऊ पडतं.