‘स्टॉप टू ईट’ की ‘स्टॉप ईटिंग’?

प्रश्न: मालवणात आमचा होमस्टे आहे. श्रावणात मासे बंद केले, हे पाहुण्यांना सांगताना ‘आय स्टॉप्ड टू ईट फिश’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नाही, ‘आय स्टॉप्ड ईटिंग फिश’ म्हणा. तुमच्या वाक्याचा अर्थ अगदी उलटा होतो: वाटेत मासे खायला थांबलो. आपली मराठीच इथे कामी येते. ‘खायचं थांबवलं’ असेल तर ईटिंग, ‘खायला थांबलो’ असेल तर टू ईट. शाळेत इंग्रजी शिकवताना मी हीच कसोटी देते. मात्र ती फक्त स्टॉपपुरती. ‘पोहायला मजा येते’ यातल्या ‘ला’मुळे मुलं हमखास ‘एन्जॉय टू स्विम’ लिहितात. एन्जॉयनंतर स्विमिंगच येतं. वॉन्टचं सोपं आहे, ‘पोहायचंय’ म्हणजे ‘वॉन्ट टू स्विम’.