चढणीचं संगीत शिखरापासून मागे मोजा

गडाच्या ट्रेकचा व्हिडिओ असेल तर ट्रॅक पहिल्या सेकंदापासून लावत सुटू नकोस. आधी माथ्यावरचा शॉट कुठे येतो ते बघ. समजा तो १:५० ला आहे. निवडलेला ट्रॅक १२० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचा; त्यात चार ठोक्यांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा. त्यात ढोल २४ बारनंतर, ४८व्या सेकंदाला सुरू होतो. मग ट्रॅकची सुरुवात १:०२ ला ठेव, ढोल आणि माथा एकत्र येतील.

पण चढण ०:४० लाच सुरू होते ना? मग ढोलाआधीचे ८ बार एकदा परत वाजव, १६ सेकंद मिळतात. ट्रॅक ०:४६ ला सुरू होईल. उरलेले ६ सेकंद बुटांचा आणि धापांचा आवाज राहू दे, तो कुठल्याही संगीतापेक्षा सरस. जोड मात्र बारच्या पहिल्या ठोक्यावरच दे, नाहीतर ताल अडखळतो आणि कुठेतरी चुकलंय हे नवख्या कानालाही कळतं.

पहाटेच्या भागाला ठोका नकोच, तानपुऱ्यासारखा लांब सूर पुरे. तो चढणीच्या ट्रॅकच्याच पट्टीतला घे, म्हणजे बदल खटकणार नाही.

माथ्यावर बोलणं असेल तर गाण्याचे शब्द आणि वरच्या सुरातली बासरी टाळ, दोन्ही आवाजाशी भांडतात. संगीत बोलण्यापेक्षा साधारण १५ ते २० डेसिबल खाली ठेव आणि मोबाइलच्या स्पीकरवर एकदा ऐक. हेडफोनवर सगळंच छान वाटतं.