तलावाचा पोशाख वेगळा, समुद्राचा वेगळा

प्रश्न: मी बडोद्यात राहते आणि आठवड्यातून पाच दिवस तलावात सव्वा ते दीड तास पोहते. तीन-चार महिन्यांत माझा स्विमसूट सैल पडतो. हिवाळ्यात मालवणला समुद्रात तीन किलोमीटर पोहायचे ठरवले आहे. अंग झाकणारा एकच स्विमसूट आणि वरून घालायचा घट्ट, बाह्यांचा रॅश गार्ड दोन्हीकडे वापरता येईल का, की वेगवेगळे घ्यावे लागतील?

उत्तर:

वेगवेगळेच घ्यावेत. तलावात क्लोरिनमुळे पोशाखाचे कापड जाते, तर समुद्रात कापड बहुतेक टिकते पण त्याच्या घर्षणाने कातडी सोलवटते. त्यामुळे तलावासाठी खरेदी करताना मी लेबल वाचते आणि समुद्रासाठी घेताना पोशाख उलटा करून शिवणी पाहते.

आधी तुमचा स्विमसूट तीन महिन्यांत का जातो ते पाहू. दुकानात मिळणारे बहुतेक स्विमसूट सुमारे ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के इलॅस्टेन अशा मिश्रणाचे असतात. लेबलवर नायलॉनला पॉलिअमाइड आणि इलॅस्टेनला स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा असेही लिहिलेले असते. कापडाला ताण आणि लवचिकपणा देणारा धागा इलॅस्टेनचा असतो. तो पॉलियुरेथेन या पदार्थाचा बनतो आणि पाण्यातला क्लोरिन नेमक्या त्याच्याच साखळ्या तोडतो. नायलॉनही क्लोरिनपुढे फार टिकत नाही. त्यातच आपल्याकडचे बरेच तलाव उघड्यावर आहेत. उन्हात क्लोरिन लवकर उडून जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा टाकावा लागतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी वाढली की आणखीच टाकला जातो.

नुकसान कुठून सुरू होते ते माझ्या एका जुन्या निळ्या स्विमसूटवर मला नीट पाहायला मिळाले. नवा असताना त्याचे कापड बोटांनी ताणून सोडले की चटकन जागेवर येत असे. सुमारे दहा आठवड्यांनी ते सावकाश येऊ लागले आणि बसायच्या भागावर एक लहानशी पिशवी उरू लागली. पुढे तो भाग खिडकीकडे धरून पाहिला तेव्हा उजेड जाळीतून यावा तसा आरपार दिसत होता आणि कापडाच्या पृष्ठभागावर केसासारखे बारीक पांढरे धागे उभे राहिले होते. ते तुटलेल्या इलॅस्टेनचे टोक. त्या अवस्थेत रंग अजून चांगला असतो, त्यामुळे फसायला होते. स्विमसूटची तपासणी रंगावरून करू नये, उजेडाकडे धरून करावी. पांढरे धागे दिसू लागले की पुढचे काही आठवडेच हातात असतात. त्यानंतर पाण्यात असताना नाही, पण बाहेर येताना कापड पारदर्शक होण्याची पाळी येते.

यावर उपाय म्हणजे इलॅस्टेनच नसलेले कापड. लेबलवर पॉलिएस्टर आणि पीबीटी असे दोनच धागे लिहिलेले असावेत, साधारण अर्धे-अर्धे. पीबीटी हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार असून त्याच्या धाग्याला मुळातच थोडा ताण असतो, त्यामुळे ताणासाठी इलॅस्टेनची गरज पडत नाही आणि क्लोरिनला तोडण्यासारखे काही विशेष उरत नाही. निळा स्विमसूट गेल्यानंतर मी या कापडाचा घेतला. तेवढ्याच सरावात तो वर्षभराहून जास्त टिकला. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे कापड हाताला थोडे कडक लागते आणि इलॅस्टेनइतके ताणले जात नाही. नायलॉनचा स्विमसूट पुढे सैल पडणारच म्हणून आपण एक माप घट्ट घेतो. पॉलिएस्टर-पीबीटीचा तसा घेतला तर खांद्याच्या पट्ट्या शेवटपर्यंत रुततच राहतात. घालून पाहताना दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाका, आणि पट्टीखाली दोन बोटे विनासायास जात नसतील तर वरचे माप घ्या.

‘क्लोरिन रेझिस्टंट’ असे लिहिलेले बरेच स्विमसूट मिळतात, पण त्यांचे लेबल वाचल्यावर त्यांतही अठरा-वीस टक्के इलॅस्टेन दिसते. तो विशेष जातीचा इलॅस्टेन असेल तर साध्यापेक्षा जास्त काळ टिकतो, अजिबात जात नाही असे मात्र नाही. आठवड्यातून दोनदा पोहणाऱ्याला ते चालतील. तुमच्या पाच दिवसांच्या सरावाला मी ते सुचवणार नाही. दुसरे असे की पॉलिएस्टरच्या स्विमसूटमध्येही मांडीच्या काठाचे इलॅस्टिक बहुधा रबराचे असते आणि तेच आधी जाते. ताणल्यावर कुरकुर आवाज आला की ते मेले असे समजावे. कापड चांगले असेल तर शिंप्याकडून काठ बदलून घेता येतो.

तलावात उतरण्यापूर्वी शॉवरखाली स्विमसूट साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे कापड तलावाचे क्लोरिनयुक्त पाणी कमी शोषते. बाहेर आल्यावर तिथल्या तिथेच धुऊन घ्या. ओला स्विमसूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून घरी नेला की क्लोरिनचे काम स्कूटरवरही चालूच राहते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा.

अंग झाकण्याबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून सांगते. तलावात रॅश गार्डपेक्षा गुडघ्यापर्यंतचा, एकसंध शिवलेला आणि त्याच कापडाचा स्विमसूट बरा. घागऱ्यासारखी झालर आणि आतले पॅड असलेले प्रकार टाळा. पॅडमधला फोम क्लोरिनचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो, त्यामुळे कापडाला तिथे जास्त वेळ मार बसतो. उघड्या तलावात सकाळी नऊनंतर पोहत असाल आणि उन्हासाठी बाही हवीच असेल, तर रॅश गार्डही पॉलिएस्टरचाच घ्या. मात्र तलावाच्या व्यवस्थापकांना आधी विचारा, कारण सैल किंवा सुती वरचा पोशाख काही ठिकाणी चालू देत नाहीत.

आता समुद्राकडे येते. बडोद्याजवळच्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी गाळाने भरलेले असते, त्यामुळे सरावासाठी आपल्याला दूरच जावे लागते. पहिल्यांदा जाताना मी सोबत तलावातलाच वापरून सैल पडलेला रॅश गार्ड नेला होता, आणि माझी चूक तिथेच झाली. कॉलर ढिली होती, त्यामुळे पाठीकडून आत पाणी शिरून पिशवी फुगत होती, आणि उजवीकडे श्वास घेताना प्रत्येक वेळी कॉलरची जाड शिवण मानेला घासत होती. त्याचा हिशोब करून बघा. मिनिटाला ६० हात मारले तर दोन तासांत ७,२०० हात होतात. दर दोन हातांमागे एक श्वास घेतला तर मान ३,६०० वेळा त्याच शिवणीवरून वळते. खारे पाणी आणि त्यात एवढी घासाघीस. बाहेर आल्यावर मानेवर चार बोटे लांबीचा लालभडक चट्टा होता आणि गोड्या पाण्याच्या शॉवरखाली उभी राहिल्यावर ‘आई गं’ असा शब्द आपोआप तोंडातून निघाला. डाव्या काखेतही तेच झाले होते.

म्हणून समुद्राच्या रॅश गार्डची खरेदी शिवणींवरून करा. पोशाख उलटा करा आणि शिवण मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर पंधरा-वीस वेळा घासून बघा. शिवण चपटी असावी, म्हणजे दोन कापडे एकमेकांवर चढवून सपाट शिवलेली, दोरासारखी उभी राहिलेली नव्हे. बाही कॉलरपासून तिरपी जोडलेली असेल तर उत्तम, कारण मग खांद्यावर आडवी शिवण येत नाही. काखेत चार शिवणी एकाच बिंदूवर मिळत असतील तर तो रॅश गार्ड सोडून द्या. पोहण्यासाठी कॉलर बसकी आणि अंगाला लागून असावी, पुढची झिप नको. खालच्या काठाला पोशाख बांधायची फीत किंवा हूक असेल तर लाटेत तो वर सरकत नाही. सैल टी-शर्टसारखे जे मिळतात ते वाळूत बसणाऱ्यांसाठी असतात, लांब पोहण्यासाठी नव्हे.

समुद्रात क्लोरिन नसल्यामुळे इथे नायलॉन-इलॅस्टेनच चांगले. ते मऊ असते आणि अंगाला घट्ट बसते. लेबलवर यूपीएफ ५०+ असावे, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपैकी पन्नासाव्या भागाहून जास्त आत जात नाही. पण हा आकडा नव्या कापडाचा असतो. जुने, ताणलेले, विरळ झालेले कापड तेवढे रक्षण करत नाही, म्हणूनही तलावात वापरलेला रॅश गार्ड समुद्रात नेऊ नये. रंगाचे म्हणाल तर नारिंगी किंवा झगझगीत पिवळा-हिरवा घ्या. फिका निळा आणि पांढरा समुद्रात होडीवरून दिसत नाहीत. डोक्याची टोपीही भडक असावी, कारण पोहताना वरून दिसते ती मुख्यतः टोपीच.

मान, काख आणि पट्ट्यांखालच्या जागी पाण्यात उतरण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जेली रबराला खराब करते, म्हणून काठाच्या इलॅस्टिकवर ती फासू नका आणि नंतर पोशाख साबणाने धुवा. तिथळसारख्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर सराव केलात तर अस्तराची दुहेरी घडी उलटून बघा. बारीक वाळू विणीत अडकते आणि दुसऱ्या दिवशी तीच सँडपेपरचे काम करते. पोशाख उलटा करून गोड्या पाण्याच्या बादलीत खळबळून काढा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय जलतरण नियमांप्रमाणे खुल्या पाण्यातल्या स्पर्धेतला स्विमसूट मान झाकणारा, खांद्यापलीकडे जाणारा किंवा घोट्याखाली जाणारा नसावा. म्हणजे पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड त्या नियमांत बसत नाही. मालवणला तुम्ही स्पर्धेत उतरणार असाल तर तुमच्या गटाला रॅश गार्ड चालतो का, हे आयोजकांना आधी लेखी विचारा आणि मगच पैसे घाला. चालत नसेल तर घोट्यापर्यंतचा, बिनबाह्यांचा सूट घ्या आणि हातांना, खांद्यांना पाण्यात टिकणारे सनस्क्रीन लावा.

घेतलेला पोशाख स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालू नका. समुद्र जवळ नसेल तर तलावात एकदाच चाळीस मिनिटे घाला, लगेच धुवा आणि घरी येऊन आरशात मान व काख पाहा. जिथे गुलाबी रेषा दिसेल, तिथे मालवणला जखम होणार. ती शिवण बदलायला किंवा दुसरा रॅश गार्ड शोधायला तेव्हा तुमच्याकडे वेळ असेल.