डिटेन्शनचे बिल आयातदाराने किती भरायचे?

प्रश्न: फॉरवर्डरने कंटेनर डिटेन्शन आणि पोर्ट हँडलिंगचे बिल पाठवलंय. सगळं आम्हीच भरायचं का?

शिपिंग लाइनने प्रत्यक्षात आकारलेले, तुमच्यामुळे लागलेल्या दिवसांचेच डिटेन्शन, म्हणजे मोफत दिवसांनंतर कंटेनर ठेवून घेतल्याचे शुल्क, भरा, आणि त्याआधी लाइनचे मूळ इनव्हॉइस व रिकामा कंटेनर परत केल्याची गेट-इन पावती मागा. आयातीची बिले तपासताना मी याच दोन कागदांवरून दिवस मोजतो. समजा कंटेनर ४ तारखेला बंदराबाहेर पडला आणि ५ दिवस मोफत होते. मग ८ तारखेपर्यंत शुल्क नाही. पावतीवर १२ तारीख असेल, तर आकारणी ४ दिवसांची. पण तुमच्या गोदामात तो १० तारखेलाच रिकामा झाला आणि नंतर फॉरवर्डरच्या वाहतूकदाराच्या यार्डात पडून राहिला असेल, तर शेवटचे २ दिवस तुमचे नाहीत. त्यासाठी गोदामातून निघाल्याच्या वेळेची सही असलेले चलन जपून ठेवा; बहुतेकांकडे नेमके तेच नसते आणि वाद तिथेच हरतो.

बिलातले पोर्ट हँडलिंग, म्हणजे टर्मिनल हँडलिंग शुल्क, सहसा कंटेनरमागे एकदाच लागते, दिवसागणिक नाही. तेच शुल्क डिलिव्हरी ऑर्डरच्या बिलातही आले आहे का, तेवढे पाहा.

मात्र काही लाइन मोफत दिवस जहाजातून कंटेनर उतरल्यापासूनच मोजतात. तसे असेल तर वरचा हिशोब बदलतो, म्हणून बिल ऑफ लेडिंग आणि लाइनचे दरपत्रक आधी वाचा. फॉरवर्डरच्या कोटेशनमध्ये डिटेन्शनचा वेगळा दर तुम्ही मान्य केला असेल, तर लाइनच्या इनव्हॉइसपेक्षा जास्त रक्कमही देय ठरू शकते.