३८ टक्क्यांसाठी साडेसहा हजार?

प्रश्न : मी सोलापुरात टॉवेल कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट आहे. पगार २१,०००, शिल्लक ३५,०००. पुण्यातल्या नोकरीसाठी एका साइटवर रेझ्युमे तपासला, तर कीवर्ड मॅच ३८ टक्के आला. तीच साइट ६,५०० रुपयांत तो ९० च्या वर नेऊन देते म्हणते. भरू का?

उत्तर : भरू नका. शिल्लकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे तो. पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरायची वेळ आली की हेच पैसे लागतील.

३८ टक्के हा आकडा त्या साइटने स्वतः काढलेला आहे. ज्या कंपनीत अर्ज करणार, तिला तो दिसतही नाही. जाहिरातीतले शब्द तुमच्या रेझ्युमेत किती सापडले, एवढंच त्यात मोजलेलं असतं. दुसऱ्या साइटवर तपासलंत तर वेगळा आकडा येईल. शिवाय कमी मार्क देणारा आणि ते वाढवून द्यायचे पैसे मागणारा एकच आहे, हेही ध्यानात घ्या.

तरी शब्दांना अजिबात किंमत नाही असं नाही. एचआरवाले अर्जांच्या ढिगात शब्द टाकूनच शोधतात, आणि काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर अर्जांना क्रमही लावतं. म्हणून टक्के सोडा, न सापडलेल्या शब्दांची यादी बघा. समजा १३ पैकी ५ शब्द जुळले. म्हणजेच ३८ टक्के. उरलेल्या ८ पैकी GSTR-1, GSTR-3B आणि Bank Reconciliation ही कामं तुम्ही दर महिन्याला करता, पण रेझ्युमेत मोघम ‘टॅक्स आणि बँकेची कामं’ असं लिहिलंय. ती नावानिशी लिहिलीत की १३ पैकी ८, म्हणजे ६२ टक्के, तेही फुकटात. SAP आणि Power BI येत नसेल तर लिहू नका, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडाल. बाकीचे तीन ‘team player’ छापाचे; त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही.

शब्दांपेक्षा मोठा घोटाळा मांडणीत होतो. पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C करा आणि Notepad मध्ये पेस्ट करा. कंपनीचं नाव एकीकडे, तारखा तिसरीकडे असं झालं, तर सॉफ्टवेअरही तसंच वाचण्याची शक्यता आहे. दोन कॉलम, टेबल किंवा हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर हे नेहमीचे दोषी. काहीच पेस्ट झालं नाही, तर रेझ्युमे बहुधा स्कॅन केलेला फोटो आहे. साध्या एका कॉलममध्ये पुन्हा टाइप करा.

अर्ज करताना नोटीस पीरियड, अपेक्षित पगार आणि ‘पुण्यात यायची तयारी आहे का’ हे विचारतात. तिथे चुकीचं उत्तर गेलं तर ९५ टक्के मॅचही कामाला येत नाही.

खर्चच करायचा असेल, तर आधी तुमच्या अनुभवाला साजेशा वीस जाहिराती वाचा. निम्म्याहून जास्त ठिकाणी SAP मागत असतील, तरच त्या क्लासची फी विचारा. आणि तपासणीसाठी ‘फ्री ट्रायल’ घेतली असेल, तर आजच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून त्या साइटचं मँडेट रद्द करा.