‘बिबट्या मारला’ की ‘बिबट्याने मारला’: इंग्रजी मथळ्यातला काळ

प्रश्न: “सरावासाठी हे वाक्य मिळालं आहे: ‘तापी व पूर्णा नद्यांच्या पाणलोट क्षेत्रात दोन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे हतनूर धरणाच्या पाणीपातळीत मोठी वाढ झाल्याने धरणाचे 24 दरवाजे गुरुवारी सकाळी पूर्ण उघडण्यात आले असून तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ याचा सात-आठ शब्दांत इंग्रजी मथळा करायचा आहे. दरवाजे उघडून झाले, म्हणजे भूतकाळ. मग सर म्हणतात ‘ओपन्स’ लिहा, आणि पुढे गावांसाठी मात्र ‘वॉर्न्ड’. एकाच मथळ्यात एक वर्तमान आणि एक भूत, असं कसं?”

तो ‘वॉर्न्ड’ भूतकाळ नाहीच. ही एक गोष्ट पटली की बाकीचा मथळा सरळ होतो, म्हणून आधी तिच्याकडेच वळू. हतनूरचं नंतर पाहू, आधी बिबट्याचं उदाहरण घेतो.

समजा, यावलकडच्या शेतशिवारात बिबट्याने एका मजुराला ठार केलं. वर्गात शिकलेल्या भूतकाळाच्या भरवशावर कुणी मथळा दिला ‘लेपर्ड किल्ड इन यावल’. इंग्रजी पेपर रोज वाचणारा माणूस याचा अर्थ उलटा लावेल: यावलमध्ये बिबट्या मारला गेला. मजूर राहिला बाजूला, वाचक वन विभागाला जाब विचारायला निघेल. कारण मथळ्यात ‘वॉज’, ‘वेअर’ ही सहायक क्रियापदं गाळायची पद्धत आहे. ‘लेपर्ड वॉज किल्ड’मधून ‘वॉज’ गेलं की ‘लेपर्ड किल्ड’ उरतं. म्हणजे क्रियापदाचं हे ‘-एड’वालं रूप मथळ्यात कर्मणी प्रयोगाने आधीच अडवून ठेवलं आहे. ज्याने काही केलं त्याच्यासाठी मग वेगळं रूप लागतं, आणि ते म्हणजे साधा वर्तमानकाळ: ‘लेपर्ड किल्स लेबरर इन यावल’. हा वर्तमानकाळ बातमी ताजी दिसावी म्हणून वापरतात, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. ते खोटं नाही. पण मला त्याहून मोठा फायदा हा वाटतो की कोणी केलं आणि कोणावर ओढवलं, हे एका अक्षराच्या फरकाने कळतं.

आपल्या मराठी मथळ्यात हेच काम ‘ठार’, ‘जेरबंद’, ‘जखमी’ हे शब्द करतात. ‘बिबट्या ठार’ वाचून कुणी म्हणत नाही की बिबट्याने कुणाला मारलं. ‘किल्ड’ला मनातल्या मनात ‘ठार’ म्हणा, ‘हेल्ड’ला ‘जेरबंद’ म्हणा. ‘थ्री हेल्ड’ म्हणजे ‘तिघे जेरबंद’; तिघांनी काही धरलं असा अर्थ तिथे निघत नाही. शंका आली तर नामाच्या पुढे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ परत घालून वाचायचं. अर्थ बातमीशी जुळला तर रूप बरोबर, बिबट्याच मेला तर चूक.

आता तुमचं वाक्य. त्यात दोनदा ‘-ण्यात आले’, ‘-ण्यात आला’ आलं आहे. बातमीच्या मराठीतला हा आवडता कर्मणी साचा. कर्ता सांगायचा नसतो किंवा सगळ्यांना माहीत असतो, तेव्हा तो येतो. इंग्रजी मथळ्यात त्याचं सरळ रूप ‘-एड’: दरवाजे ‘ओपन्ड’, गावं ‘वॉर्न्ड’. तेव्हा पहिला मसुदा असा झाला: ‘24 हतनूर डॅम गेट्स ओपन्ड, तापी व्हिलेजेस वॉर्न्ड’. व्याकरण चोख आहे. इथे एक सोयीची गोष्ट दिसते. मराठीत ‘हतनूर धरणाचे दरवाजे’ म्हणताना जो क्रम आहे, तोच ‘हतनूर डॅम गेट्स’मध्ये आहे, फक्त ‘चे’ गळालं. मुलं ‘गेट्स ऑफ द हतनूर डॅम’ लिहून क्रम उलटवतात आणि दोन शब्द फुकट घालवतात. ‘असून’साठी ‘अँड’ नको, स्वल्पविराम पुरतो. ‘अ’, ‘द’ तर येतच नाहीत.

तुमच्या सरांनी एक पायरी पुढे जाऊन धरणालाच कर्ता केलं आहे: ‘हतनूर ओपन्स 24 गेट्स, तापी व्हिलेजेस वॉर्न्ड’. सात शब्द. धरण स्वतः दरवाजे उघडत नाही हे खरं, पण मथळ्यात संस्थेच्या जागी वास्तूचं नाव चालतं. मला हाच मथळा आवडला, कारण सुरुवात घटनेने होते, आकड्याने नाही. फक्त ‘24 हतनूर गेट्स ओपन’ असं अर्धवट करू नका. तिथे ‘ओपन’ हे विशेषणही वाटतं, दरवाजे उघडेच आहेत असं. केव्हा उघडले हे त्यातून हरवतं.

पाऊस, पाणलोट, पातळी हे सगळं बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जाऊ द्या. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले म्हटल्यावर जळगाव-भुसावळच्या वाचकाला कारण सांगावं लागत नाही. आपल्याला माहीत आहे की हतनूरला 41 दरवाजे आहेत, त्यामुळे ‘24 ऑफ 41’ लिहायचा मोह होतो, आणि ते जास्त बोलकंही आहे. पण दिलेल्या वाक्यात 41 नाहीत. बातमीत नसलेलं मथळ्यात घालायचं नाही, मग ते खरं का असेना. तोच मथळा मुंबईच्या आवृत्तीसाठी असेल तर मात्र ‘हतनूर’ काढून ‘जळगाव डॅम’ करावं लागेल. तिथे हतनूर कुठे हे विचारणारे जास्त.

आणि ‘गुरुवारी’? तो गाळाच. मथळ्यात राहू दिला तर मोठा घोटाळा होतो. ‘हतनूर ओपन्स 24 गेट्स थर्सडे’ वाचणाऱ्याला वाटेल, दरवाजे येत्या गुरुवारी उघडणार. हे समजायला इंग्रजीत जायची गरज नाही. आपणही ‘मी गुरुवारी येतो’ म्हणतो तेव्हा क्रियापद वर्तमानाचं असतं आणि अर्थ पुढचा असतो. नदीकाठच्या गावाला उशिरा सावध करणारा मथळा द्यायचा नसेल, तर वर्तमानकाळी क्रियापदाला वार जोडू नये. खरंच ‘उघडणार’ असेल तर त्यासाठी ‘टू’ आहे: ‘हतनूर टू ओपन 24 गेट्स’. तिथे वार घातला तरी बिघडत नाही.

खराखुरा भूतकाळ मथळ्यात कधीच येत नाही, असं मात्र समजू नका. जुनी गोष्ट आज उघडकीला आली तर तो लागतोच. एखाद्या बंधाऱ्याला तडा गेल्याचं अधिकाऱ्यांना 2 वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, असं चौकशी समितीने म्हटलं, तर मथळा होईल ‘ऑफिशियल्स न्यू ऑफ क्रॅक: प्रोब पॅनल’. इथे ‘न्यू’ म्हणजे ‘ठाऊक होतं’; त्याच्या जागी वर्तमानकाळी ‘नो’ लिहिलं तर अर्थ होतो, त्यांना आता कळलंय, आणि बातमीचा सगळा मुद्दाच जातो. विसर्गासारख्या त्या दोन टिंबांनी ‘असे समितीने म्हटले आहे’ हे सगळं पोटात घेतलं, तेही पाहून ठेवा. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत म्हणणं आधी आणि म्हणणारा शेवटी, अशी मांडणी तुम्हाला नेहमी दिसेल.