घटस्फोटानंतर गृहकर्जातून सहकर्जदाराचं नाव

प्रश्न: घटस्फोट झाला. लातूरचा फ्लॅट नवऱ्याकडे गेला, पण कर्जावर माझंही नाव आहे. ते कसं काढू?

उत्तर: बँकेच्या लेखी संमतीशिवाय निघणार नाही, कोर्टाने हप्ते त्यांच्यावर टाकले असले तरी. मी नांदेडला बँकेच्या कर्ज विभागात होतो. हुकूम तुम्हा दोघांवर बंधनकारक, बँक त्या खटल्यात पक्षकारच नव्हती. आधी शाखेत दोघांच्या सहीचा अर्ज आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत द्या. मग बँक बघते, एकट्याच्या पगारात हप्ता बसतो का. समजा बाकी २२ लाख, हप्ता २१,००० आणि त्यांचा पगार ३८,०००. हप्ता निम्म्याच्या वर जातो, म्हणून बहुधा नकार येईल. त्यांनी ३ लाख आगाऊ भरले तर हप्ता १८,००० च्या आसपास येतो. नाहीतर त्यांच्या भावाला सहकर्जदार घ्यावं लागेल, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावावर न्यावं लागेल.

फ्लॅटवरही तुमचं नाव असेल तर एक कळकळीने सांगतो: बँकेचं मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नका. नाहीतर घर जातं आणि कर्ज राहतं. नाव निघाल्यावर दोनेक महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढा. त्यात ते कर्ज चालू दिसलं तर बँकेचं पत्र जोडून लेखी तक्रार करा.